मिठी नदी उताऱ्यात नव्हती

प्रश्न: मी भांडुपला राहतो, राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेची तयारी करतोय. उताऱ्यातून माहिती शोधायचे प्रश्न बरोबर येतात, पण 'यावरून कोणता निष्कर्ष निघतो' म्हटलं की दोन पर्यायांत अडकतो आणि नेमका चुकीचा निवडतो. उत्तरतालिकेचं स्पष्टीकरण सांगतं, 'असे उताऱ्यात नाही'. मला मात्र ते उताऱ्यात दिसतं. आणि ओळखीच्या विषयावरच जास्त चुका होतात, हे कसं?

उत्तर:

तुमच्या शेवटच्या वाक्यातच निम्मं उत्तर आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. दादरला संध्याकाळच्या बॅचला मी सतरा वर्षं उतारे शिकवतोय. त्यात एक उतारा दर वर्षी मुद्दाम देतो. तो मीच लिहिलेला आहे आणि विषय असा, की मुंबईत राहिलेल्या प्रत्येकाला त्याबद्दल काहीतरी सांगायचं असतंच. आधी तो वाचा. घाई करू नका.

> 26 जुलै 2005 रोजी सकाळी साडेआठपासूनच्या 24 तासांत मुंबईतील सांताक्रूझ वेधशाळेत 944 मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच काळात शहराच्या दक्षिण टोकाकडील कुलाबा वेधशाळेत फक्त 73 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. शहरातील पर्जन्यजल वाहिन्यांची क्षमता त्या वेळी ताशी 25 मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याची होती, आणि तीही समुद्राला ओहोटी असताना. भरतीच्या वेळी अनेक वाहिन्यांची समुद्राकडील तोंडे पाण्याखाली जातात व निचरा मंदावतो. त्यानंतरच्या काळात शहरात स्वयंचलित पर्जन्यमापक केंद्रांचे जाळे उभारण्यात आले.

वरील उताऱ्यावरून पुढीलपैकी कोणता निष्कर्ष काढता येतो?

(1) मिठी नदीच्या पात्रातील अतिक्रमणांमुळे उपनगरांत पूर आला.
(2) केवळ कुलाब्याच्या नोंदीवरून संपूर्ण शहराच्या पावसाचा अंदाज बांधला असता, तर तो चुकला असता.
(3) वाहिन्यांची क्षमता ताशी 50 मिलिमीटर असती, तर पूर आला नसता.
(4) भरतीच्या वेळी शहरात नेहमीच पाणी साचते.

वर्गात सगळ्यात जास्त हात वर होतात ते पहिल्या पर्यायाला, आणि त्यातही कुर्ला, कलिना, सायनकडच्या मुलांचे. 'सर, आमच्या घरात कंबरेएवढं पाणी होतं' असं एक जण सांगतो आणि मग पाच मिनिटं आठवणीच निघतात. त्या मी निघू देतो. नंतर एवढंच सांगतो, की उताऱ्यात 'मिठी' या शब्दावर बोट ठेवा. बोटं खाली-वर फिरतात आणि थांबतात. मग म्हणतो, 'पूर' या शब्दावर ठेवा. तोही नाही. पाचही वाक्यांत पूर आल्याचं कुठेच म्हटलेलं नाही. पाऊस किती पडला आणि वाहिन्या किती वाहून नेतात, एवढंच आहे. पूर आपण वाचता वाचता आणून ठेवला, आणि तो इतक्या सहज आला की आणल्याचं कळलंही नाही.

पहिला पर्याय जगात खोटा आहे, असं मी म्हणत नाही. त्या पुरानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली तथ्यशोधन समिती नेमली गेली, मिठीसाठी त्याच वर्षी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झालं, आणि नदीपात्रातल्या भराव-बांधकामांवर तेव्हापासून आजपर्यंत लिहिलं-बोललं गेलंय. हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे, म्हणूनच तो पर्याय 'उताऱ्यात दिसतो'. प्रश्न मात्र 'खरं काय' असा नाही, 'उताऱ्यावरून काय निघतं' असा आहे. पेपर काढणाऱ्यालाही ठाऊक असतं की खरी वाटणारी गोष्ट लोक आधी उचलतात. त्यामुळे ओळखीच्या विषयावरच्या उताऱ्यात एखादा पर्याय जगात खरा पण उताऱ्याबाहेरचा असतो. सागरी शैवालावरचा उतारा आला तर तुमच्याकडे आणायला काहीच नसतं, म्हणून तिथे तुम्ही मुकाट्याने उताऱ्यालाच चिकटून राहता आणि उत्तर बरोबर येतं.

आता ओळखायचं कसं? मी एकच कसोटी वापरतो. पर्याय समोर धरायचा आणि विचारायचं: उताऱ्यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे आणि तरीही हा पर्याय खोटा आहे, अशी स्थिती मला ओढूनताणून न करता कल्पता येते का? आली, तर तो निष्कर्ष नाही.

चौथ्या पर्यायावर लावून बघा. डिसेंबरातली दुपार, स्वच्छ ऊन, मरीन ड्राइव्हला भरतीच्या लाटा कठड्यावर आपटताहेत आणि रस्ता कोरडा. उतारा म्हणतो त्याप्रमाणे वाहिन्यांची तोंडं पाण्याखाली आहेत, निचरा मंद आहे. पण निचरा व्हायला पाणीच नाही, तर साचणार काय? उतारा खरा, पर्याय खोटा. पर्याय गेला. त्यातला 'नेहमीच' हा शब्द संशय यावा असाच आहे. पण 'नेहमीच, सर्व, कधीही नाही दिसलं की काट मारायची' ही जी युक्ती क्लासमध्ये सांगतात, ती मला पटत नाही. कधी कधी उताराच 'सर्व' म्हणत असतो आणि मग तो पर्याय बरोबर असतो. शब्द बघून नाही, स्थिती कल्पून काट मारा.

दुसऱ्या पर्यायावर तीच कसोटी लावा. एकाच शहरात, एकाच काळात एका वेधशाळेत 944 आणि दुसऱ्या वेधशाळेत 73. फक्त 73 वरून अख्ख्या शहराचा अंदाज बांधला आणि तो बरोबर आला, असं होऊ शकतं का? सांताक्रूझला जे झालं ते त्या अंदाजात बसतच नाही. कितीही प्रयत्न केला तरी पर्याय खोटा ठरेल अशी स्थिती उभी करता येत नाही. हाच निष्कर्ष. बघा, तो किती फिका आहे. त्यात ना संताप, ना बातमी, ना कोणाला दोष. बरोबर उत्तर बहुतेक वेळा असंच बेचव असतं, आणि 'एवढं सोपं कसं असेल' म्हणून मुलं ते सोडून देतात.

तिसरा पर्याय मात्र वेगळा. त्यात फसतात ती हुशार मुलं, आणि फसल्यावर भांडतातही. त्यांचं गणित असं: 944 भागिले 24, म्हणजे ताशी साधारण 39 मिलिमीटर. क्षमता 25 ची, म्हणून वाहिन्या कमी पडल्या. 50 ची असती तर 39 सहज मावलं असतं. मग उत्तर तिसरं!

यातली पहिली पायरी अगदी बरोबर आहे. तिचा पर्याय दिला असता, म्हणजे 'सांताक्रूझला किमान काही काळ वाहिन्यांच्या क्षमतेपेक्षा जास्त पाऊस पडला', तर तो पक्का निष्कर्ष ठरला असता. सरासरीच 39 आहे, म्हणजे कुठल्या ना कुठल्या तासात 39 किंवा त्याहून जास्त पडलाच असणार. हे उताऱ्यात लिहिलेलं नाही, पण उताऱ्यातूनच निघतं. 'उताऱ्यात शब्दशः नाही म्हणजे निष्कर्ष नाही' असं समजणारेही बरेच असतात, त्यांच्यासाठी हे सांगतो. निष्कर्ष शब्दशः नसतोच. असता तर ते माहितीचं वाक्य झालं असतं.

चूक दुसऱ्या पायरीवर आहे. '50 असती तर मावलं असतं' म्हणताना मधे एक वाक्य गुपचूप घातलं गेलंय: पाऊस 24 तास एकसारखा पडला. हे उताऱ्यात आहे? नाही. नोंद पूर्ण 24 तासांची आहे, त्यात कोणत्या तासाला किती पडला याबद्दल उतारा गप्प आहे. प्रत्यक्षात त्या दिवशी दुपारनंतरच्या थोड्या तासांतच बहुतेक पाऊस कोसळला. पण पर्याय फेटाळायला ही माहितीही लागत नाही. सगळा पाऊस सहा तासांत पडला अशी कल्पना केली, तर ताशी 157 होतात आणि 50 ची क्षमताही अपुरी पडते. उतारा मात्र जसाच्या तसा खरा राहतो. शिवाय भरती आहेच. भरतीत निचरा मंदावतो हे उताऱ्याने स्वतः सांगितलंय, तेव्हा क्षमतेचा कागदावरचा आकडा पूर्ण वेळ मिळेल हे आणखी एक गृहीत झालं.

म्हणून मी मुलांना सांगतो, की पर्याय निवडल्यावर उतारा आणि पर्याय यांच्या मधलं वाक्य मोठ्याने बोलून दाखवा. उताऱ्यापासून पर्यायापर्यंत जायला तुम्ही कोणतं वाक्य टाकलंत? 'दिवसाचे तास 24' हे वाक्य टाकलं असेल तर चालेल, ते कोणीही नाकारणार नाही. शब्दांचा अर्थ, साधं गणित आणि सगळ्यांना मान्य असलेलं व्यवहारज्ञान, यांना परवानगी आहे. 'पाऊस एकसारखा पडला', 'पालिका झोपली होती', 'मिठीत भराव टाकला होता' यांतलं काही टाकलं असेल, तर ते वाक्य तुमच्या खिशातून आलंय. शेवटचं खरं असलं तरीही.

मर्यादा कुठे आखायची हे मात्र मलाही एकदा शिकावं लागलं. या उताऱ्याच्या पहिल्या खर्ड्यात मी 'मुंबईतील' आणि 'शहराच्या दक्षिण टोकाकडील' हे शब्द घातले नव्हते. नुसतं सांताक्रूझ आणि कुलाबा लिहिलं होतं, कारण मुंबईकराला ते सांगावं लागतं असं मनातच आलं नाही. अलिबागजवळून आलेल्या एका मुलीने दुसरा पर्याय निवडला नाही. तिला विचारलं तर म्हणाली, 'सर, कुलाबा म्हणजे आमच्याकडचं ना?' रायगड जिल्ह्याचं नाव 1981 पर्यंत कुलाबाच होतं, आणि अलिबागच्या समुद्रातला किल्ला अजूनही कुलाबा. तिच्या घरी म्हातारी माणसं जिल्ह्याला तेच नाव घेतात. समुद्रापलीकडच्या गावात वेगळा पाऊस पडला यावरून मुंबईबद्दल काय निघणार, हा तिचा विचार अगदी बिनचूक होता. दोन ठिकाणं एकाच शहरात आहेत, हे गृहीत मी धरलं होतं आणि मलाच ते दिसत नव्हतं. त्याच दिवशी उतारा दुरुस्त केला.

आता मराठीतल्या काही गोष्टी, कारण आपले उतारे मराठीत असतात आणि इंग्रजी पुस्तकांतल्या युक्त्या इथे पुरत नाहीत. उताऱ्याचं शेवटचं वाक्य बघा: 'त्यानंतरच्या काळात… जाळे उभारण्यात आले.' याच्यावर मी दुसरा प्रश्न विचारतो, आणि त्यातला एक पर्याय असतो, '26 जुलैच्या पावसामुळे महापालिकेने पर्जन्यमापक केंद्रे उभारली.' वाचताना हे अगदी तेच वाक्य वाटतं. पण यात दोन गोष्टी घुसल्या आहेत. एक, 'नंतर'चं 'मुळे' झालं. उतारा फक्त क्रम सांगतो, कारण आपण जोडलं. दुसरी गोष्ट जास्त लबाड आहे. 'उभारण्यात आले' या रचनेत कर्ताच नाही. कोणी उभारलं? हवामान खात्याने, पालिकेने, राज्य सरकारने? सरकारी मराठीत 'करण्यात आले, देण्यात आले, घेण्यात आला' इतकं असतं, की ती रिकामी जागा आपण सवयीने भरतो. परीक्षेतले उतारे बहुतेक याच मराठीत असतात. अशी क्रियापदं दिसली की पेन्सिलने खाली छोटा गोल करा, म्हणजे कर्ता असलेला पर्याय आला की लगेच खटकेल.

छोटे शब्दही तपासा. 'फक्त 73' मधला 'फक्त' हा 944 च्या तुलनेत आहे. त्यावरून 'कुलाब्यात त्या दिवशी हलका पाऊस झाला' असं निघत नाही. हवामान खात्याच्या वर्गवारीत 24 तासांत 64.5 मिलिमीटरच्या वर पडला की त्याला जोरदार पाऊस म्हणतात, म्हणजे 73 हलका तर नाहीच. तसंच 'आणि तीही ओहोटी असताना' मधला 'ही'. त्यातून लेखक सांगतोय की 25 हा आकडासुद्धा उत्तमातल्या उत्तम स्थितीतला आहे. यावरून 'प्रत्यक्ष क्षमता कधी कधी 25 पेक्षा कमी असू शकते' असा पर्याय आला तर तो बिनधास्त घ्या, पुढचं भरतीचं वाक्य त्याला दुजोरा देतं. 'च', 'ही', 'तरी', 'मात्र', 'तर' ही अक्षर-दोन अक्षरांची मंडळी मराठीत लेखकाचं अर्धं म्हणणं उचलून धरतात आणि वेगात वाचताना नेमकी तीच गळतात.

एक गोंधळ मुलांना फार छळतो, तो शब्दाचाच आहे. 'गृहीत धरू नका' असं आम्ही सांगतो आणि मग पेपरात प्रश्न येतो, 'लेखकाने काय गृहीत धरले आहे?' इथे गृहीतक वाचकाचं नाही, लेखकाचं आहे, आणि ते शोधायचं आहे. समजा, उताऱ्याच्या शेवटी एक वाक्य जोडलं: 'म्हणून पावसाचा इशारा विभागवार द्यायला हवा.' आता हा युक्तिवाद झाला. त्यात लेखकाने न सांगता काय धरलंय? 'विभागवार अंदाज बांधणं शक्य आहे' हे उलटं करून बघा: शक्यच नाही असं मानलं, तर सल्ला जागच्या जागी कोसळतो. म्हणजे ते गृहीतक. 'सध्याची यंत्रणा निष्काळजी आहे' हे उलटं करा: यंत्रणा अत्यंत दक्ष आहे, तरीही सल्ला उभा राहतो. म्हणजे ते लेखकाचं नाही, वाचकाच्या मनातलं. निष्कर्ष उताऱ्याच्या पुढे असतो, गृहीतक उताऱ्याच्या खाली पायासारखं असतं. दोन्हींना कसोट्या वेगळ्या, त्यामुळे प्रश्नातला शब्द आधी वाचा.

माझी कसोटी कुठे लंगडी पडते तेही सांगतो, नाहीतर सराव करताना तुमचा गोंधळ होईल. काही प्रश्न 'सर्वात योग्य निष्कर्ष' किंवा 'बहुधा' असे शब्द वापरतात. तिथे शंभर टक्के पक्का पर्याय नसतोच. 'त्या दिवशी सांताक्रूझ परिसरात पाणी साचले असावे' हा पर्याय घ्या. खोटा असेल अशी स्थिती कल्पता येते का? ओढूनताणून येते: उंचावरचा भाग, पाणी उताराने निघून गेलं. पण क्षमतेपेक्षा जास्त पाऊस पडल्यावर पाणी साचणं हीच साधी अपेक्षा आहे, आणि वाक्यात 'असावे' आहे, 'साचले' नाही. अशा वेळी चारही पर्यायांना तीच कसोटी लावून बघायचं, की कोणाला खोटं पाडायला सगळ्यात जास्त ओढाताण करावी लागते. तो घ्यायचा. बँकांच्या परीक्षांत पूर्वी 'निश्चित खरे, बहुधा खरे, माहिती अपुरी, बहुधा खोटे, निश्चित खोटे' असा पाच पायऱ्यांचा प्रकार यायचा. तुमच्या परीक्षेत तो नसला तरी जुने संच मिळवून सोडवा. 'माहिती अपुरी' म्हणायची सवय त्यातून लागते. आपल्याकडच्या मुलांना 'माहीत नाही' लिहायला जड जातं.

तुम्ही म्हणता तसं दोन पर्यायांत अडकलात, की दोन्ही उताऱ्याशी ताडत बसू नका. ते दोन पर्याय एकमेकांशी ताडा. फरक बहुतेक एकाच शब्दाचा असतो: एकात 'काही', दुसऱ्यात 'बहुतेक', एकात 'संबंध', दुसऱ्यात 'कारण'. तो शब्द सापडला की त्याच्यापुरतं उताऱ्यात परत जा. अडीच गुणांच्या एका प्रश्नासाठी पूर्ण उतारा तिसऱ्यांदा वाचणं परवडत नाही.

सरावासाठी भांडुप ते दादर लोकलमध्ये बसायला मिळत असेल, नसेल तर उभ्यानेच, एवढं करा. जुन्या पेपरातले फक्त निष्कर्षाचे प्रश्न घ्या. निवडलेल्या पर्यायासमोर उताऱ्यातल्या वाक्याचा क्रमांक लिहा, दोन वाक्यं लागत असतील तर दोन्ही. क्रमांक लिहिता आला नाही तर उत्तर बदलू नका, तसंच ठेवा आणि पुढे जा. घरी आल्यावर चुकलेल्यांपुढे ते मधलं, खिशातलं वाक्य लिहून काढा. उत्तरतालिकेचं स्पष्टीकरण वाचायच्या आधी लिहा, कारण नंतर लिहिलं की आपण स्वतःला वाचवतो. तीस-चाळीस चुका जमल्या की ती वाक्यं एकाखाली एक वाचा. एका विद्यार्थ्याच्या वहीत बहुतेक ठिकाणी 'सरकार करत नाही' याच अर्थाचं वाक्य निघालं होतं, दुसरीच्या वहीत 'नंतर'चं 'मुळे'. तुमच्या वहीत काय निघतंय ते इथे खाली लिहा, शक्यतो मूळ उतारा आणि चारही पर्यायांसकट. नुसतं 'माझं उत्तर दोन, तालिकेत चार' एवढ्यावर काही सांगता येत नाही. आणि हो, तालिकाही कधी कधी चुकते. तुमचं वाक्य खिशातलं नसेल तर तेही सांगेन.